ताळेबंदातली तरलता आणि रोख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चअखेरचे ताळेबंद लोकांच्या हातात पडू लागले की आमच्याकडे येणारे प्रश्नही ठरलेले असतात. विचारणाऱ्यांत वाणिज्य शाखेचे विद्यार्थी असतात, लहान भागधारक असतात, स्वतःचा कारखाना चालवणारे असतात आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे सभासदही असतात. सर्वाधिक विचारले गेलेले प्रश्न इथे सोप्यापासून अवघडापर्यंत लावले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नियम भारतीय कंपन्यांचे आहेत.

१. आर्थिक अहवालात ‘तरलता’ म्हणजे नेमके काय? मालमत्ता भरपूर असली म्हणजे तरलता चांगली असे समजायचे का?

नाही. मालमत्ता किती आहे हा एक प्रश्न आणि तिचे हवे तेव्हा पैसे होतील का हा दुसरा. तरलता या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. एखादी वस्तू किती लवकर विकली जाईल, विकताना किती तोटा सोसावा लागेल आणि हातात येणारी रक्कम आधीपासून किती खात्रीने सांगता येईल, या तिन्ही गोष्टी त्यात येतात. पुष्कळ लोक फक्त पहिली धरतात. कारखान्यातले यंत्र भंगारवाल्याला आज संध्याकाळीही देता येते, म्हणून ते तरल ठरत नाही, कारण मिळणारी किंमत वह्यांतल्या किमतीच्या आसपासही नसते.

तरलता कंपनीचीही मोजतात. तेव्हा मालमत्तेबरोबर देणी पाहावी लागतात: कोणती रक्कम कोणत्या तारखेला द्यायची आहे आणि त्या तारखेपर्यंत हातात काय असेल. म्हणून कोट्यवधींची जमीन असलेली कंपनीही पगाराच्या दिवशी अडू शकते.

२. रोख रक्कम सर्वांत तरल का म्हणतात? ती तर मालमत्ताच आहे, मग वेगळी कशी?

कारण देणी रुपयांत असतात. पगार, वीजबिल, बँकेचा हप्ता, जीएसटी, पुरवठादाराचे बिल हे सगळे रुपयांतच लिहिलेले असते आणि समोरच्याला रुपयेच घ्यायचे असतात. बाकी कुठलीही मालमत्ता घेतली तरी तिचे आधी रुपये करावे लागतात. रोख रकमेला ती मधली पायरीच नाही. पायरी नाही म्हणून वेळ जात नाही, गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, भाव पडत नाही. ताळेबंदातली इतर प्रत्येक रक्कम कोणीतरी केलेला अंदाज असते: माल अमुक किमतीला विकला जाईल, येणी वसूल होतील, यंत्र आणखी दहा वर्षे चालेल. लाख रुपयांच्या रोखीला मात्र अंदाज लावायची गरज नसते, ती लाखच असते.

येणी घेऊन फरक पाहू. एका लघुउद्योगाने मोठ्या कंपनीला माल दिला, बिल १० लाखांचे, पैसे ९० दिवसांनी मिळणार. आजच पैसे हवे असतील तर ते बिल ‘ट्रेड्स’ व्यासपीठावर किंवा बँकेत वटवता येते. व्याज वार्षिक ९ टक्के धरले तर ९० दिवसांचे साधारण २२,२०० रुपये कापून सुमारे ९ लाख ७७ हजार ८०० रुपये हाती येतात. ते २२,२०० रुपये म्हणजे येणी आणि रोख यांच्या तरलतेतले अंतर, रुपयांत मोजलेले. ग्राहक कंपनी नावाजलेली नसेल तर व्याज वाढते, आणि बिलावर वाद असेल तर कोणी वटवतच नाही.

हे विधान सरसकट खरे मात्र नाही. ज्या चलनात देणे आहे त्याच चलनात रोख हवी, ती अडवलेली नसावी आणि जिथे ठेवली आहे ती जागा उघडी असावी. या अटी मोडल्या की काय होते ते प्रश्न ७, १० आणि ११ मध्ये आले आहे.

३. ताळेबंदात रोख रक्कम शोधायची कुठे? काही अहवालांत ती सर्वांत वर असते, काहींत खाली. असे का?

कंपनी कायदा २०१३ च्या परिशिष्ट ३ मध्ये भारतीय कंपन्यांच्या ताळेबंदाचा नमुना दिला आहे. त्यात आधी दीर्घ मुदतीची मालमत्ता येते: जमीन, इमारत, यंत्रे. मग चालू मालमत्ता, म्हणजे मालसाठा, येणी, रोख आणि तत्सम गोष्टी. अमेरिकी कंपन्या उलट क्रम लावतात. सर्वांत तरल ते सर्वांत वर, म्हणून पहिल्याच ओळीत रोख दिसते. क्रम वेगळा असला तरी अर्थ तोच राहतो.

ताळेबंदातल्या त्या एका ओळीवर मात्र थांबू नका. ओळीसमोर टिपेचा क्रमांक असतो. त्या टिपेत हातातली रोकड, चालू खाते, हातात आलेले पण अजून न वटलेले धनादेश आणि मुदत ठेवी असे सुटे आकडे असतात. तरलतेची खरी माहिती तिथे मिळते.

४. ‘रोख आणि रोख समतुल्य’ यातले ‘समतुल्य’ म्हणजे काय? कंपनीची मुदत ठेव त्यात धरतात का?

जवळपास रोखीसारखीच असलेली गुंतवणूक त्यात येते. हिशेबाच्या प्रमाणकानुसार ती अल्पमुदतीची हवी, तिचे किती रुपये होतील हे आधीच ठाऊक हवे आणि किंमत बदलण्याचा धोका नगण्य हवा. मुदतीची सर्वसाधारण मर्यादा तीन महिने आहे.

सर्वाधिक चुका इथे होतात. तीन महिने मोजायचे ते ठेव केल्याच्या दिवसापासून, ताळेबंदाच्या तारखेपासून नाही. समजा कंपनीने मे महिन्यात एक वर्षाची ठेव केली. ३१ मार्चला तिची मुदत संपायला दीड-दोन महिनेच उरलेले असतात. तरी ती रोख समतुल्य होत नाही, ती ‘इतर बँक शिल्लक’ या वेगळ्या ओळीत जाते. परीक्षेत हे हमखास चुकते आणि छोट्या कंपन्यांच्या ताळेबंदांतही.

५. चालू गुणोत्तर १.२५ आले. म्हणजे कंपनी सुरक्षित आहे ना?

नुसत्या गुणोत्तरावरून सांगता येत नाही. एक काल्पनिक उदाहरण पूर्ण सोडवू. वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक लघुउद्योग घ्या. ३१ मार्चचे आकडे लाख रुपयांत असे आहेत. हातात रोकड २, चालू खात्यात १८, दोन महिन्यांच्या मुदत ठेवी २०. बँक हमीसाठी तारण दिलेली ठेव ३०. लिक्विड फंडात २५. ग्राहकांकडून येणी २१०. मालसाठा १६०. जीएसटीचे जमा क्रेडिट आणि दिलेले आगाऊ पैसे ३५. एकूण चालू मालमत्ता ५००.

चालू देणी अशी: कॅश क्रेडिट १५०, पुरवठादार ११०, पगार आणि सरकारी देणी ४०, वर्षभरात फेडायचे मुदत कर्जाचे हप्ते ६०, ग्राहकांनी दिलेले आगाऊ पैसे ४०. एकूण ४००. पाचशेला चारशेने भागले की १.२५ येते.

आता एकेक थर काढत जाऊ. मालसाठा, जीएसटीचे क्रेडिट आणि आगाऊ रकमा वगळल्या तर ३०५ उरतात आणि गुणोत्तर ०.७६ वर येते. तारण ठेवीचे ३० बँकेकडे अडकले आहेत, तेही काढा, ०.६९ होते. फक्त रोख आणि समतुल्य घेतले तर ४० भागिले ४००, म्हणजे ०.१०. कंपनी तीच, तारीख तीच आणि चालू मालमत्ता सगळी खरी आहे. फरक पडतो तो तिच्यातला किती भाग आज वापरता येतो यामुळे.

एप्रिलमध्ये काय द्यायचे आहे ते पाहा. पुरवठादारांना ४८, पगार आणि भविष्यनिर्वाह निधी १५, जीएसटी १२, हप्ता ५. एकूण ८०. हातात रोख ४० आणि लिक्विड फंडाचे २५, म्हणजे ६५. उरलेले १५ महिनाभरात होणाऱ्या वसुलीतूनच यायला हवेत. येणी २१० ची आहेत, पण अहवालातल्या येण्यांच्या वयोमानाच्या तक्त्यात त्यांतले ६० लाख सहा महिन्यांहून जुने दिसतात. उरलेले १५० नव्वद दिवसांच्या आतले आहेत, म्हणजे सुरळीत चालले तर महिन्याला पन्नासेक लाख येतील आणि एप्रिल निभावेल. सर्वांत मोठ्या ग्राहकाने पंधरा दिवस लावले तर निभावणार नाही. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघुउद्योग असतील तर त्यांनाही थांबवता येत नाही. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार त्यांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.

१.३३ हा आकडा बँकवाल्यांकडून वारंवार ऐकू येतो. तो १९७४ साली रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीतून आला आहे. चालू मालमत्तेचा किमान चौथा हिस्सा उद्योजकाने दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करावा, म्हणजे शंभराच्या मालमत्तेमागे चालू देणी पंचाहत्तरच असावीत. शंभर भागिले पंचाहत्तर, १.३३. कर्ज देताना बँकेला संरक्षण मिळावे म्हणून हा आकडा ठरला. पुढच्या महिन्याची देणी भागतील का हे तो सांगत नाही.

६. आमच्या कंपनीला नफा झाला, तरी खात्यात पैसे नाहीत. हिशेबात गडबड आहे का?

बहुतेक वेळा नाही. नफा माल विकला त्या दिवशी नोंदला जातो, पैसे नंतर येतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात १० लाखांचा माल उधारीवर गेला तर त्याचा नफा याच वर्षात धरला जातो. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ८० हजार, मासिक विवरण भरणाऱ्याला खरेदीवरचे क्रेडिट वजा करून २० एप्रिलपर्यंत भरावा लागतो, ग्राहकाने एक रुपयाही दिलेला नसला तरी. वाढत्या धंद्यात म्हणूनच रोखीची ओढाताण जास्त होते. विक्री वाढते तशी येणी आणि मालसाठाही वाढतो, आणि दोन्हीत रोख अडकून पडते.

रोख प्रवाह पत्रक उघडा आणि ‘कामकाजातून आलेली रोख’ ही रक्कम नफ्याशेजारी ठेवा. एखाद्या वर्षी ती कमी असली तर कारण शोधा. सलग तीन-चार वर्षे नफा वाढतो आहे आणि ही रक्कम शून्याच्या आसपासच घुटमळते आहे असे दिसले, तर येण्यांचा तक्ता बारकाईने वाचावा. न येणारी येणी तिथेच साचलेली असतात.

७. ताळेबंदात दिसणारी सगळी बँक शिल्लक कंपनीला वापरता येते का?

नाही. शिल्लक असूनही हात लावता येत नाही अशा रकमा कमी नसतात. बँक हमीसाठी किंवा पतपत्रासाठी ठेवलेली मार्जिन मनी, भागधारकांनी न नेलेल्या लाभांशाचे वेगळे खाते, न्यायालयाच्या आदेशाने अडकलेली ठेव या त्यांतल्या नेहमीच्या. परिशिष्ट ३ नुसार त्या वेगळ्या दाखवाव्या लागतात. म्हणून टिपेत ‘मार्जिन मनी’, ‘तारण’, ‘राखीव’ असे शब्द जिथे येतील तिथली रक्कम तरलता मोजताना बाजूला काढा. प्रश्न ५ मधल्या ३० लाखांचे हेच केले.

मोठ्या समूहांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. एकत्रित ताळेबंदात परदेशी उपकंपनीची रोखही मिळवलेली असते. तिथले चलन नियंत्रण किंवा तिथल्या कर्जाच्या अटी यांमुळे ती इथे आणता येत नसेल, तर एकत्रित आकडा भरघोस दिसूनही मूळ कंपनी कोरडी असू शकते. अशा मोठ्या रकमा टीप देऊन सांगणे बंधनकारक आहे. मूळ कंपनीचा स्वतंत्र ताळेबंद शेजारी उघडून ठेवला की हा फरक लगेच कळतो.

८. कॅश क्रेडिटची न वापरलेली मर्यादा रोख म्हणून धरावी का? आमचा व्यवस्थापक तसे सांगतो.

ताळेबंदात धरत नाहीत, कारण ती मालमत्ता नाही, पुढे मिळू शकणारे कर्ज आहे. गरजेला ती उपयोगी पडते हे खरे, पण किती उपयोगी पडेल हे मंजूर मर्यादा ठरवत नाही. ते ड्रॉइंग पॉवर ठरवते, म्हणजे मालसाठा आणि येण्यांच्या हिशेबाने बँक प्रत्यक्षात उचलू देते ती रक्कम.

प्रश्न ५ मधल्या कंपनीची मंजूर मर्यादा १८० लाख आहे आणि वापर १५० चा, म्हणजे कागदावर ३० लाख शिल्लक. आता बँकेचा हिशेब करा. मालसाठा १६०, त्यात नव्वद दिवसांच्या आतली येणी १५० मिळवा, पुरवठादारांचे ११० वजा करा. उरले २००. त्यावर २५ टक्के मार्जिन कापले की ड्रॉइंग पॉवर १५० येते. म्हणजे ही कंपनी काठावर आहे आणि त्या ३० लाखांतला एक रुपयाही तिला उचलता येणार नाही. मार्जिनचे दर आणि येण्यांच्या वयाची अट बँकेगणिक बदलते, पद्धत हीच. जुनी येणी बँक धरत नाही, त्यामुळे ग्राहकांनी पैसे थकवले की ड्रॉइंग पॉवरही घटते. कंपनीला पैशांची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच ही वाट अरुंद होते.

दर महिन्याला बँकेला दिलेले मालसाठ्याचे विवरण आणि कंपनीच्या वह्या यांत फरक असेल तर तोही आता अहवालात दिसतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेला दिलेली तिमाही विवरणे वह्यांशी जुळतात का, हे कंपनीला सांगावे लागते. ही टीप मुद्दाम शोधून वाचा.

९. लिक्विड फंड आणि सोने रोखीइतकेच तरल नाहीत का?

लिक्विड फंड जवळ पोहोचतो, पण रोख नव्हे. तो ९१ दिवसांपर्यंतच्या कर्जरोख्यांत पैसे गुंतवतो. विमोचनाची सूचना दिल्यावर रक्कम सहसा पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येते आणि पहिल्या सहा दिवसांत काढली तर थोडे शुल्क कापले जाते. त्याचे मूल्य रोज बदलते, म्हणून बहुतेक भारतीय कंपन्या तो ‘चालू गुंतवणूक’ या ओळीत दाखवतात, रोख समतुल्यात नाही. व्यवहारात मात्र पुढच्या आठवड्याची देणी भागवायला तो धरावा असे माझे मत आहे, प्रश्न ५ मध्ये मी धरलाही आहे.

सगळ्या डेट फंडांना एकाच मापाने मोजू नका. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटनने भारतातल्या सहा डेट योजना गुंडाळण्याचा निर्णय घेतला. त्यांत अल्ट्रा शॉर्ट बाँड आणि लो ड्युरेशन प्रकारच्या योजनाही होत्या, म्हणजे लोकांनी थोड्या दिवसांसाठी ठेवलेले पैसे. कमी पतमानांकनाच्या रोख्यांना त्या काळात गिऱ्हाईकच उरले नव्हते. पुढे हप्त्याहप्त्याने पैसे परत मिळाले, पण ज्यांनी ते पुढच्या महिन्याच्या पगारासाठी ठेवले होते त्यांना त्या महिन्यात ते मिळाले नाहीत.

सोने दुकानात त्याच दिवशी मोडता येते. घडणावळ मात्र परत मिळत नाही, घट कापली जाते आणि त्या दिवशीचा भाव काय असेल हे आदल्या दिवशी कोणी सांगू शकत नाही.

१०. बँकेतला पैसा रोखच धरतात. बँकेवर निर्बंध आले तर?

तर ती रोख त्या दिवसापासून रोखीसारखी राहत नाही, आणि हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला एका खात्यातून सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते. दोन-तीन दिवसांत मर्यादा १०,००० केली, पुढे टप्प्याटप्प्याने वाढवत जून २०२० मध्ये ती १ लाखावर आली. ठेवीदारांत गृहनिर्माण सोसायट्या आणि छोटे व्यावसायिकही होते. त्यांच्या वह्यांत शिल्लक पूर्ण दिसत होती, धनादेश मात्र वटत नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या रकमा कित्येक वर्षांच्या टप्प्यांनी परत करण्याची योजना झाली.

ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत ५ लाख रुपये आहे, त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आले. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यावर ९० दिवसांच्या आत ही रक्कम मिळण्याची तरतूद आहे. घरगुती ठेवीदाराला त्याने धीर मिळतो. महिन्याला चाळीस लाखांचे पगार देणाऱ्या कारखान्याला ५ लाखांनी काहीच भागत नाही.

अशा निर्बंधाखालची शिल्लक ताळेबंदात नेहमीच्या रोख शिलकीत मिसळून ठेवू नये. ती वेगळी दाखवावी, वसुलीबद्दल शंका असेल तर तरतूद करावी आणि टिपेत बँकेची स्थिती लिहावी.

११. हातातली रोकड तरी कधी तरल नसू शकते का?

८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्रीपासून ५०० आणि १,००० रुपयांच्या तेव्हाच्या नोटा वैध चलन राहिल्या नाहीत. तिजोरीतल्या त्या नोटांनी दुसऱ्या दिवशी पुरवठादाराचे बिल देता येत नव्हते, त्या आधी बँकेत भराव्या लागत होत्या. म्हणजे जी मधली पायरी रोखीला नसते असे प्रश्न २ मध्ये सांगितले, ती या नोटांना लागली. त्या वर्षीच्या ताळेबंदांत याची खूणही सापडते. ८ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर २०१६ या काळात अशा किती नोटा हातात होत्या आणि त्यांचे काय झाले, याचा तक्ता कंपन्यांना टिपेत द्यावा लागला होता.

चलनाचा प्रश्नही इथलाच. देणे डॉलरमध्ये आणि रोख रुपयांत असेल तर त्या दिवशीच्या विनिमय दराने रुपये बदलावे लागतात. आयात करणाऱ्या कंपनीची तरलता पाहताना हे लक्षात ठेवा.

१२. आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या अहवालात ३५ लाख बँकेत दिसतात, तरी कमिटी म्हणते दुरुस्तीला पैसे नाहीत. कोणाचे खरे?

दोघांचेही खरे असू शकते. ताळेबंदाची दुसरी बाजू पाहा. तिथे सिंकिंग फंड किती आणि दुरुस्ती निधी किती हे दिलेले असते. सिंकिंग फंडाचा पैसा मोठ्या, संरचनात्मक कामासाठी असतो आणि त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. ३५ पैकी २८ लाख सिंकिंग फंडाच्या मुदत ठेवीत असतील, तर लिफ्टच्या नेहमीच्या दुरुस्तीला खुले ७ लाखच उरतात. त्यातून आगाऊ घेतलेले देखभाल शुल्क आणि पालिकेचे थकलेले पाणीबिल वजा करा. सभेत आधी हे दोन आकडे मागावेत, वाद त्यानंतर घालावा.

१३. अहवालात दाखवलेली रोख खरोखर आहे हे कसे ओळखायचे?

रोख मोजायला सोपी, म्हणून तिच्यावर कोणी शंका घेत नाही, आणि त्याचाच गैरफायदा घेतला गेला आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक ५,३६१ कोटी दाखवली होती, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्यावर जमा झालेले ३७६ कोटींचे व्याजही खोटे होते. जून २०२० मध्ये जर्मनीच्या वायरकार्डचे १.९ अब्ज युरो असेच सापडेनात. ते फिलिपाइन्समधल्या बँकांत असल्याचे सांगितले होते, त्या बँकांनी ते नाकारले.

बाहेरून पाहणाऱ्याला दोन गोष्टी करता येतात. वर्षाचे व्याज उत्पन्न सरासरी रोख आणि ठेवींनी भागा. बँका सात टक्के देत असताना उत्तर दोन-तीन टक्के आले, तर बहुतेक शिल्लक बिनव्याजी चालू खात्यात पडली आहे किंवा वर्षभर तिथे नव्हतीच. कंपनीने खोटे व्याजही लिहिले असेल तर ही तपासणी तोकडी पडते, कारण मग दर बरोबर येतो. तेव्हा रोख प्रवाह पत्रकातले ‘मिळालेले व्याज’ आणि नफा-तोटा पत्रकातले व्याज शेजारी ठेवा, आणि ‘जमा झालेले पण न मिळालेले व्याज’ वर्षानुवर्षे फुगत जाते आहे का ते पाहा.

दुसरी गोष्ट वागण्यातली आहे. ज्याच्याकडे पाचशे कोटी रोख पडून आहेत तो दहा टक्क्यांनी तीनशे कोटी कर्ज का काढतो? कधी त्याला योग्य उत्तर असते, ठेव तारण असते किंवा पैसा दुसऱ्या देशातल्या उपकंपनीत असतो (प्रश्न ७). व्यवस्थापनाकडे काहीच उत्तर नसेल तर गुंतवणूकदाराने तिथे थांबू नये. लेखापरीक्षकाने शिलकीचे पत्र कंपनीमार्फत न मागवता बँकेकडून थेट घ्यायचे असते. वार्षिक सभेत भागधारक हा प्रश्न विचारू शकतो आणि त्याने तो विचारावा.

१४. ३१ मार्चला रोख भरपूर आणि एप्रिलमध्ये टंचाई, असे दरवर्षी दिसते. हे नैसर्गिक आहे की केलेले?

काही अंशी नैसर्गिक. मार्चमध्ये विक्रीचे लक्ष्य गाठायची घाई असते, वसुलीही जोरात होते. पण काही कंपन्या शेवटच्या पंधरवड्यात पुरवठादारांचे धनादेश अडवून ठेवतात, ग्राहकांना सूट देऊन पैसे आधी घेतात आणि १ एप्रिलला सगळे सोडतात. ताळेबंद एका दिवसाचा असतो, त्या दिवसापुरता तो खराच असतो.

ओळखण्याची खूण व्याजखर्चात असते. वर्षाचा व्याजखर्च कर्जाच्या दराने भागा. वर्षभरात सरासरी किती कर्ज होते ते कळते. मार्चअखेर कर्ज १५० लाख दिसते, दर दहा टक्के आहे आणि व्याज २४ लाख भरले आहे, तर सरासरी कर्ज २४० लाख होते. म्हणजे मार्चचा आकडा वर्षभराचे चित्र दाखवत नाही. सूचिबद्ध कंपनी असेल तर सप्टेंबरअखेरचा ताळेबंदही प्रसिद्ध होतो, तो शेजारी ठेवा. आणि पुरवठादारांच्या टिपेत सूक्ष्म आणि लघुउद्योगांना द्यायची थकबाकी वेगळी दिलेली असते. रोख वाढली आणि त्याच वर्षी ही थकबाकीही वाढली असेल, तर वाढलेली रोख मुळात पुरवठादारांच्या पैशाची आहे.